पोट साफ होत नाही आणि रक्तही वाढत नाही

वर्षानुवर्षं बद्धकोष्ठतेचा त्रास असलेल्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या एका प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर झिजवणारा आजार, नसतो, हे आधीच सांगून टाकतो. जेवणात चोथा कमी, दिवसभर खुर्चीत बसून काम, थायरॉइड, मधुमेह, वेदनाशामक किंवा मानसिक आजारावरच्या गोळ्या, शौचाच्या वेळी सैल पडायच्या ऐवजी आवळून धरणारे गुदद्वाराचे स्नायू, अशी कारणं कितीतरी जास्त आढळतात. नुसतं पोट साफ होत नाही एवढ्यावर कुणी गहू सोडायला लागलं तर मी त्याला थांबवेन.

पण याच गर्दीत एक छोटा गट असा असतो की ज्याच्या त्रासाचं मूळ खरंच पोळीत असतं, आणि तिथे कुणाचं लक्ष जात नाही. कारण सिलिअ‍ॅक म्हटलं की डोळ्यांपुढे ठरावीक चित्र येतं: पातळ, तेलकट जुलाब होणारं, पोट पुढे आलेलं, हातापायांच्या काड्या झालेलं लहान मूल. ते चित्र खोटं नाही. पण मोठेपणी हा आजार अनेकदा जुलाबांशिवायच येतो, काहींच्यात थेट बद्धकोष्ठता घेऊन येतो, आणि वजन तर चांगलं भरलेलंही असू शकतं. मग हा गट ओळखायचा कसा? त्यासाठी बद्धकोष्ठतेपेक्षा तिच्या सोबतीने आणखी काय काय चाललंय ते बघावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. ही कुणा एकीची खरी गोष्ट नाही, पण यातला प्रत्येक तुकडा ओपीडीत नेहमी दिसणारा आहे. बाई ४१ वर्षांच्या, राहायला ठाण्यात, नोकरी बँकेत, वजन ६३ किलो. कॉलेजात असल्यापासून तीन-चार दिवसांनी एकदा शौचाला होतं, तेही कुंथून, लेंड्या पडाव्यात तसं. संध्याकाळपर्यंत पोट इतकं फुगतं की परकराची नाडी सैल करावी लागते. एरंडेल झालं, त्रिफळा झाला, इसबगोल तर घरात महिन्याच्या वाणसामानाच्या यादीतच असतो. याशिवाय दर दोन-तीन महिन्यांनी तोंड येतं, थायरॉइडची गोळी ७५ वरून १२५ मायक्रोग्रॅमवर गेली आहे, आणि हिमोग्लोबिन ८.९. लोहाच्या गोळ्यांचे तीन कोर्स झाले. त्या सुरू केल्या की शौचाचा त्रास दुप्पट होतो म्हणून त्या मध्येच बंद होतात. मग डॉक्टर म्हणतात, "गोळ्या नीट घेत नाही तुम्ही," आणि घरचे म्हणतात, "पाळीचा त्रास आहे ना, मग रक्त कमी असणारच."

दोन्ही म्हणणी पटण्यासारखी आहेत, आणि अडचण तीच आहे. प्रत्येक तक्रारीला स्वतःचं एक साधं कारण मिळालं, त्यामुळे सगळ्या तक्रारी एका ओळीत मांडून कुणी पाहिल्याच नाहीत.

आता आत काय चाललंय ते बघू. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला चिकटपणा येतो तो त्याच्यामुळे. हे प्रथिन आपल्या पाचकरसांना पूर्ण तोडता येत नाही, कुणालाच येत नाही. त्याचे लांबलचक तुकडे शिल्लक राहतात आणि बहुतेकांच्या पोटातून निमूटपणे निघून जातात. पण काही लोकांच्या पेशींवर डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ नावाची जनुकीय खूण असते. आतड्यातलं ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर या तुकड्यांत थोडा बदल करतं, आणि बदललेला तुकडा त्या खुणेत घट्ट बसतो. मग शरीराची प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजते आणि हल्ला करते. हल्ला होतो आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर. हे अस्तर मखमलीसारखं असतं, त्यावर बारीक लव उभी असते आणि अन्नातली सत्त्वं शोषण्याचं काम ती लव करते. सिलिअ‍ॅकमध्ये ती झिजत झिजत सपाट होते.

ही खूण असली म्हणजे आजार असतोच असं नाही. जगातल्या साधारण तीस-चाळीस टक्के लोकांकडे ती असते आणि त्यांतल्या फार थोड्यांना सिलिअ‍ॅक होतो. आपल्या देशात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतातल्या प्रौढांमध्ये याचं प्रमाण शेकडा १.२ च्या आसपास, ईशान्येत ०.९ च्या जवळ आणि दक्षिणेत जेमतेम ०.१ निघालं. जनुकीय खुणेत एवढा मोठा फरक नव्हता, गहू खाण्यात मात्र प्रचंड होता: उत्तरेत रोज माणशी साडेचारशे ग्रॅमच्या घरात आणि दक्षिणेत पंचवीस ग्रॅम. महाराष्ट्र या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो. आजीच्या ताटातली भाकरी जाऊन आईच्या ताटात पोळी आली, त्यामुळे आपलं ताट हळूहळू उत्तरेकडे सरकलंय असं मला वाटतं.

झीज सुरू होते ती बहुधा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, जठरातून अन्न उतरतं तिथेच. लोह शोषलं जातं तेही मुख्यतः याच ठिकाणी. म्हणून मोठ्या माणसांत सिलिअ‍ॅकची पहिली आणि कधीकधी एकमेव खूण म्हणजे लोहाची कमतरता. गोळी प्रामाणिकपणे घेतली तरी ती शोषली जाणार कुठून? न शोषलेलं लोह पुढे सरकतं आणि मळ काळा, घट्ट करून ठेवतं. आपल्या बाईंच्या बद्धकोष्ठतेचा एक हिस्सा तर चक्क रक्तवाढीच्या गोळ्यांनी दिला होता.

दुसरा हिस्सा आतड्याच्या वेगाचा. वरच्या भागात नीट न शोषलेली चरबी खाली लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात पोचली की शरीर काही संप्रेरकं सोडतं आणि वरच्या आतड्याची गती मंदावते, जणू खालचा भाग सांगतो की जरा सावकाश, माल अजून पचलेला नाही. उपचार न झालेल्या सिलिअ‍ॅकच्या रुग्णांत अन्नाला तोंडापासून मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे मोजून पाहिलेलं आहे. गहू बंद केल्यावर हा वेग बऱ्याच जणांत पूर्ववत होतो. लहान आतडं बरंच लांब असतं, त्यामुळे वरचा हातभर भाग खराब झाला तरी खालचा भाग पाणी आणि बाकीचं शोषून सांभाळून घेतो. म्हणून जुलाब होतच नाहीत. तिसरा हिस्सा थायरॉइडचा. सिलिअ‍ॅक आणि थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार बरेचदा जोडीने येतात, थायरॉइड मंद असला की आतडंही मंद, आणि थायरॉइडची गोळीही त्याच झिजलेल्या अस्तरातून नीट शोषली जात नाही. डोस वाढत का गेला, त्याचं उत्तर इथे आहे.

त्यामुळे तपासणी कुणाची करावी याचा माझा हिशोब साधा आहे. जुनी बद्धकोष्ठता एकटीच असेल तर सिलिअ‍ॅकची शक्यता साधारण इतर कुणाएवढीच असते. पण तिच्या जोडीला गोळ्यांना दाद न देणारी लोहाची कमतरता असेल, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार किंवा पहिल्या प्रकारचा मधुमेह असेल, वारंवार तोंड येत असेल, कमी वयात हाडं ठिसूळ झाली असतील, कारण न सापडलेलं वंध्यत्व किंवा वारंवार गर्भपात असतील, किंवा घरात रक्ताच्या नात्यात कुणाला सिलिअ‍ॅक असेल, तर एक रक्ततपासणी करायलाच हवी. "तुम्हाला आयबीएस आहे", म्हणजे आतड्यात दोष दिसत नाही पण पोट बिघडत राहतं, असं सांगून ज्यांची बोळवण झालीय, त्यांचीही ही तपासणी एकदा व्हावी.

इथे सर्वांत जास्त घोळ कुठे होतो ते सांगतो. बाई विचारतात, "डॉक्टर, आधी महिनाभर गहू सोडून बघू का? बहीण म्हणते, तिच्या मैत्रिणीला फरक पडला."

"आधी रक्त, मग गहू. क्रम बदलू नका."

कारण ही तपासणी ग्लूटेन शोधत नाही, ग्लूटेनविरुद्धच्या लढाईत तयार झालेली प्रतिपिंडं शोधते. गहू बंद केला की लढाई थंडावते, प्रतिपिंडं उतरतात, लव पुन्हा उगवायला लागते, आणि मग रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही. आधीच गहू सोडून बसलेल्याला तपासणीसाठी पुन्हा खायला सांगावं लागतं. निदान दोन आठवडे, शक्य झालं तर सहा ते आठ आठवडे, रोज तीन ग्रॅमच्या वर ग्लूटेन. घरगुती मापात सांगायचं तर तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं, म्हणजे रोज दोन पोळ्या पुरतात. पण ज्याला गहू सोडून बरं वाटलंय त्याला हे दोन महिने नकोसे होतात, आणि मग निदान कायमचं अर्धवट लटकतं. तसं झालंच तर जनुकीय खुणेची तपासणी उपयोगी पडते. ती गहू खाल्ला काय, न खाल्ला काय, बदलत नाही. खूण नसेल तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नक्की नाही. असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

रक्ततपासणीचं नाव टीटीजी-आयजीए. तिच्यासोबत एकूण आयजीएसुद्धा करून घ्यायचं असतं आणि ते अनेकदा राहून जातं. सिलिअ‍ॅकच्या रुग्णांपैकी दोन-तीन टक्क्यांच्या शरीरात आयजीए हा प्रतिपिंडांचा प्रकार बनतच नाही, म्हणून त्यांचा टीटीजी-आयजीए खोटा नॉर्मल येतो. आपल्या बाईंचं एकूण आयजीए ठीक होतं. प्रयोगशाळेने दिलेली मर्यादा २० होती आणि त्यांचा टीटीजी आला १४२. साठवलेलं लोह दाखवणारं फेरिटिन फक्त ६.

मोठ्या माणसांत आकडा इतका चढा असला तरी साधारणपणे एंडोस्कोपी करून आतड्याचे तुकडे तपासले जातात, कारण पुढे आयुष्यभराचं पथ्य आहे आणि ते संशयावर करायचं नसतं. बाई म्हणाल्या, "पण दोन वर्षांपूर्वी अ‍ॅसिडिटीसाठी दुर्बीण घातली होती. नॉर्मल होती." जुना रिपोर्ट काढून पाहिला तर त्यात जठर, अन्ननलिका, सगळ्याचं वर्णन होतं, पण लहान आतड्याचे तुकडे घेतल्याचा उल्लेख कुठेच नव्हता. नुसत्या डोळ्यांनी हे अस्तर बरेचदा ठीकठाकच दिसतं. म्हणून सिलिअ‍ॅकची शंका असेल तर ती दुर्बीण घालणाऱ्याला आधी सांगावी लागते, आणि आतड्याच्या सुरुवातीच्या कंदासारख्या भागातून एक-दोन आणि त्यापुढच्या भागातून किमान चार असे तुकडे घ्यावे लागतात. झीज सगळीकडे सारखी नसते, ठिगळं लावल्यासारखी असते. एकच तुकडा घेतला आणि तो नेमका चांगल्या ठिकाणचा निघाला, तर सगळं मुसळ केरात. बाईंच्या सहापैकी पाच तुकड्यांत लव स्पष्टपणे झिजलेली होती. निदान झालं.

आता पथ्य. इथे मराठी स्वयंपाकघराची बाजू भक्कम आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, मका, सगळ्या डाळी, शेंगदाणे, भाज्या, फळं, दूध, मासे, मटण यांत ग्लूटेन नाही. युरोपातल्या माणसाला ब्रेडची जागा भरायला महागडी पाकिटं शोधावी लागतात. आपल्याला भाकरी थापता आली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मात्र चिकट आहे.

पोळी, रवा, मैदा, शेवया, दलिया हे सगळ्यांना कळतं. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात हे सणाला ताटात आल्यावर आठवतं. भाजणीत आणि मेतकुटात बऱ्याच घरांत मूठभर गहू पडतो. सातूच्या पिठात गहू नाहीतर जव असतोच. प्रसादाचा शिरा नाकारताना जीव खाली-वर होतो. आणि हिंग! बाजारातला बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात पीठ मिसळलेलं असतं आणि ते पुष्कळदा गव्हाचंच असतं. डबीवरचे घटक वाचायचे किंवा तांदळाच्या पिठातला हिंग आणायचा. परदेशात राहणाऱ्यांनी सोया सॉस, बिअर आणि तयार सूपांची पाकिटंही वाचून घ्यावीत.

सर्वांत मोठी गळती होते ती गिरणीत. ज्वारी बिनग्लूटेनची, पण ती दळायला टाकली त्याच जात्यात पाच मिनिटांपूर्वी कुणाचे तरी दहा किलो गहू दळून गेलेले असतात. थोडंसं गेलं तर काय होतं, असं वाटतं. रुग्णांना मोजून ग्लूटेन देऊन केलेल्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅमने तीन महिन्यांत अस्तराची झीज वाढलेली दिसली. ५० मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा साधारण पन्नासावा भाग, बोटाच्या पेराएवढा तुकडा. म्हणून शक्य असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच टाकू नये. ते जमत नसेल तर अख्खी ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून मिक्सरमध्ये थोडी थोडी दळायची. पीठ जरा रवाळ होतं, भाकरी चिरते, पण गरम पाण्यात उकड काढली की थापली जाते. पोळपाट-लाटणं, पिठाचा डबा आणि चाळणी वेगळी ठेवायची. बाजारी पदार्थांवर 'ग्लूटेनमुक्त' लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाने त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमहून कमी ग्लूटेन असावं लागतं. त्या पाकिटांवर भरवसा ठेवता येतो. ओट्सबद्दल सगळे विचारतात. शुद्ध ओट्स बहुतेकांना चालतात, पण ते गव्हाच्याच यंत्रातून येतात, त्यामुळे पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहिलेलं असेल तरच, आणि तेही पहिल्या वर्षी नकोत.

बाईंनी पहिल्या महिन्यात गहू शंभर टक्के सोडला आणि बद्धकोष्ठता वाढली. हे इतक्या जणांच्या बाबतीत होतं की आधीच सांगून ठेवावं. पोळीच्या जागी त्यांनी भात, साबुदाण्याची खिचडी, तांदळाचे पापड आणि दुकानातली बिनग्लूटेन बिस्किटं आणली होती. शंभर ग्रॅम कणकेत अकरा ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमही नाही, साबुदाण्यात तर नावालाच. म्हणजे आजाराचं कारण गेलं आणि त्याच्याबरोबर रोजचा चोथाही गेला. ज्वारी, बाजरी, नाचणीत तो कणकेइतकाच, दहा-अकरा ग्रॅम असतो. दोन वेळच्या भाताऐवजी एक वेळ भाकरी आली, सकाळी नाचणीचं आंबील आलं, मूग-मटकीची उसळ रोजची झाली आणि रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यातून सुरू राहिला, तेव्हा गाडी रुळावर यायला लागली. इसबगोलात ग्लूटेन नसतं, तो चालतो. फक्त पाणी कमी पडलं तर तोच आत घट्ट बसतो.

लोह शिरेतून दिलं, कारण अस्तर भरून यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत गोळ्यांनी पुन्हा तोच छळ झाला असता. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१, टीटीजी ३४ वर उतरलेला, थायरॉइडची गोळी पुन्हा १०० मायक्रोग्रॅमवर. शौच दिवसाआड, कुंथल्याशिवाय. तोंड आलं नाही. टीटीजी पूर्ण खाली यायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं आणि मोठ्या माणसांत लव पूर्ण उगवायला त्याहूनही जास्त. आकडा उतरता उतरता मध्येच अडला तर पहिला संशय गिरणीवर आणि हिंगाच्या डबीवर घ्यायचा. पोट मात्र सगळ्यांचंच असं सुटत नाही. वीस वर्षं कुंथण्याची सवय लागलेल्या माणसाचे स्नायू गहू गेला म्हणून आपोआप सैल पडायला शिकत नाहीत, त्यासाठी वेगळी तपासणी आणि बायोफीडबॅक नावाचा व्यायाम लागतो.

आता उरलेल्यांबद्दल. टीटीजी नॉर्मल, आयजीए नॉर्मल, तपासणीच्या वेळी गहूही व्यवस्थित खात होते, तरी पोळी खाल्ली की पोट फुगतं आणि दोन दिवस साफ होत नाही, असं सांगणारे पुष्कळ असतात. त्यांना वेड्यात काढू नये. गव्हात ग्लूटेनशिवाय फ्रुक्टॅन नावाची साखरेची साखळीही असते. ती कुणाच्याच लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात आणि वायू होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात 'ग्लूटेन सोसत नाही' म्हणणाऱ्या लोकांना न कळू देता कधी ग्लूटेन, कधी फ्रुक्टॅन आणि कधी यांपैकी काहीच नाही असे खाऊ दिले. जास्त त्रास फ्रुक्टॅनने झाला. आपल्या जेवणात तेच फ्रुक्टॅन कांद्यात आणि लसणीत भरपूर असतं. म्हणजे पोळी सोडून कांद्याचा झुणका-भाकर खाणाऱ्याला फरक का पडला नाही, हे कळायला सोपं जातं.

दुधाचं थोडं वेगळं. दुधातली साखर पचत नसेल तर नेहमी गॅस आणि पातळ शौच होते. पण काहींच्या आतड्यात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव जास्त असतात आणि मिथेनने आतड्याची गती मंदावते. अशांना दूध घेतल्यावर फुगतंही आणि अडतंही. गायीच्या दुधातल्या प्रथिनामुळे बद्धकोष्ठता होते ही गोष्ट लहान मुलांबद्दल १९९८ च्या एका इटालियन अभ्यासात नीट दाखवली गेली, ६५ मुलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलांचा त्रास सोया दुधावर कमी झाला. मोठ्यांबद्दलचा पुरावा त्या मानाने फारच तोकडा आहे, तेव्हा मोठ्या माणसाने त्या अभ्यासावरून स्वतःचं निदान करू नये.

असहिष्णुतेसाठी, म्हणजे एखादा पदार्थ पोटाला सोसत नाही हे ओळखण्यासाठी, विश्वासाची रक्ततपासणी नाही. 'दोनशे पदार्थांची आयजीजी चाचणी' म्हणून हजारो रुपये घेऊन जी लांब यादी देतात, ती तुम्ही काय खात आलात एवढंच सांगते. त्या यादीवरून अर्धं ताट रिकामं करून बसलेली माणसं मी पाहतो आणि मला राग येतो. खरी पद्धत कंटाळवाणी आहे आणि फुकट आहे. सिलिअ‍ॅक नाही हे आधी पक्कं करायचं. मग एकच गोष्ट, समजा दूध, दोन ते तीन आठवडे पूर्ण बंद. बाकी जेवण, पाणी, इसबगोल, औषधं तसूभरही बदलायची नाहीत. कोणत्या दिवशी शौच झालं, ते घट्ट की मऊ, पोट किती फुगलं, एवढं कॅलेंडरवर लिहायचं. फरक वाटला तरी इथे थांबायचं नाही. तीन दिवस रोज एक ग्लास दूध पुन्हा घ्यायचं. त्रास परत आला तर दुधावर बोट ठेवता येतं, नाही आला तर तो सुधार दुसऱ्या कशाचा तरी होता. ग्लासभर दुधाने होतं ते वाटीभर दह्याने होतंच असं नाही, म्हणून दही वेगळं तपासायचं. हेच पुढे गव्हासाठी, मग कांदा-लसणीसाठी. सगळं एकदम सोडलं तर पोट सुधारेलही, पण कशाने ते कधीच कळणार नाही. आणि असहिष्णुतेत मात्रेचा खेळ असतो: दोन पोळ्यांनी त्रास, अर्धीने नाही, असं असेल तर अर्धी खुशाल खावी. सिलिअ‍ॅकमध्ये ही सवलत नाही.

काही वेळा यांतलं काहीही करत बसू नये. पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर अचानक सुरू झालेली बद्धकोष्ठता, शौचातून रक्त, न कळत उतरलेलं वजन, किंवा पुरुषात आणि पाळी थांबलेल्या बाईत लोहाची कमतरता असेल तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी आधी व्हायला हवी. टीटीजी वाढलेला असला तरीसुद्धा. दोन आजार एका पोटात राहू शकतात.

एकाला सिलिअ‍ॅक निघाला की आई-वडील, भावंडं आणि मुलं यांची टीटीजी तपासणी करतात, तक्रार असो वा नसो, कारण रक्ताच्या जवळच्या नात्यात साधारण दहात एकाला तो असू शकतो. आपल्या बाईंच्या चौदा वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट नॉर्मल आला, त्याचा पोळीचा डबा चालू आहे. दोन-तीन वर्षांनी, किंवा मध्ये रक्त कमी झालं, वाढ खुंटली, पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या तर त्याआधी, तपासणी पुन्हा करायची. आणि "गहू सोड" असा सल्ला देणाऱ्या त्या बहिणीचा टीटीजी वाढलेला निघाला. तिला पोटाची तक्रार कधीच नव्हती.